झेडएलडी कारखान्याचं पहिलं ऑडिट: लॉगबुक, मिठाचं वजन आणि कोरड्या गटारातलं पाणी

माझ्या पहिल्या ऑडिटला मी अख्खे दोन दिवस ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, लॉगबुक वाचण्यात घालवले. आकडे ओळीत होते, सह्या होत्या, मीटरचं रीडिंगही जुळत होतं. अहवालात "नोंदी समाधानकारक" असं लिहायला मी बसलेच होते. लॉगबुक खरंच होतं. तरीही त्या कारखान्यातून रोज रात्री पाणी बाहेर जात होतं, कारण पाणी मीटरच्या पुढे जाऊन वळत होतं. कागद कागदाशी जुळले म्हणजे कागद आणि पाणी जुळलं असं होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या औद्योगिक वसाहतींत नव्याने पर्यावरणाचं काम धरलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. तुम्ही कन्सल्टंटकडे असाल किंवा कारखान्याच्याच पर्यावरण-आरोग्य-सुरक्षेच्या ईएचएस विभागात असाल. मालकाने स्वतःहून करून घेतलेलं अंतर्गत ऑडिट इथे मी धरलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम अधिसूचित केले, त्यात नोंदणीकृत ऑडिटरची वेगळी व्यवस्था आहे. पण हिशेबाची पद्धत दोन्हीकडे हीच लागते. उदाहरण एकच घेते: खानदेशातल्या एका वसाहतीतला मध्यम आकाराचा रासायनिक कारखाना, कागदोपत्री झेडएलडी, म्हणजे सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडणारा. महिना एप्रिलचा, हिशेब तीसही दिवसांचा.

## 1. आधी कन्सेंट वाचा, मगच गेटच्या आत जा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, सगळे ज्याला कन्सेंट म्हणतात, ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. खरी अट बहुतेक वेळा शेवटच्या पानांवर असते. आपल्या कारखान्याच्या कन्सेंटमध्ये औद्योगिक सांडपाणी दिवसाला 36 घनमीटरपर्यंत, ते ईटीपीतून एमईईमध्ये, म्हणजे वाफेच्या उष्णतेने पाणी आटवणाऱ्या यंत्रात, नेऊन आटवायचं, वाफ गार होऊन निघालेलं स्वच्छ पाणी, म्हणजे कंडेन्सेट, कूलिंग टॉवरला वापरायचं आणि उरलेलं मीठ घातक कचरा म्हणून अधिकृत विल्हेवाट केंद्राला पाठवायचं, असं लिहिलं होतं.

इथे नवशिक्यांची एक चूक नेहमी होते. हातात प्रयोगशाळेचा रिपोर्ट असतो, त्यात सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक माप, 240 दिसतो, आणि सर्वसाधारण मानक 250 आहे म्हणून आपण "मर्यादेत" असं लिहून मोकळे होतो. ती मर्यादा पाणी नदीनाल्यात सोडायची परवानगी असलेल्यांसाठी आहे. झेडएलडीची अट असेल तर बाहेर गेलेलं पाणी कितीही स्वच्छ असो, ते उल्लंघनच. म्हणून सगळ्यात आधी एका कोऱ्या कागदावर लिहून काढा: किती पाणी, कुठल्या वाटेने, कुठे जायला परवानगी आहे. पुढचं सगळं काम या कागदाशी ताडून पाहायचं आहे.

कन्सेंटची मुदत आणि त्यानंतर झालेल्या दुरुस्त्याही पाहा. उत्पादन वाढवताना सुधारित कन्सेंट घेतलेलं असतं आणि फाइलला जुनंच लावलेलं असतं, असं मी दोनदा पाहिलं आहे.

## 2. कागद मागवताना ईटीपीच्या बाहेरचेही मागवा

ईटीपीचं लॉगबुक ऑडिटरला दाखवायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बॉयलरचं रजिस्टर किंवा वजनकाट्याच्या पावत्या कोणी ऑडिटरसाठी लिहीत नाही. त्या पैशांच्या हिशेबासाठी लिहिल्या जातात, म्हणून त्यांच्यावर माझा जास्त भरवसा आहे. एकाच महिन्याचे हे कागद घ्या:

- कन्सेंट, सगळ्या दुरुस्त्यांसह
- एमआयडीसीचं पाणीबिल, आणि बोअर असेल तर तिची परवानगी व मीटर नोंद
- ईटीपी आणि एमईईची लॉगबुकं
- बॉयलरचं रजिस्टर, इंधन खरेदीची बिलं
- घातक कचरा पाठवतानाची पत्रं, म्हणजे मॅनिफेस्ट, त्यासोबतच्या वजनकाट्याच्या पावत्या, गोदामातला सुरुवातीचा आणि शेवटचा साठा
- रोजच्या उत्पादनाची नोंद
- मागच्या वर्षीचं पर्यावरण विवरण, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत भरायचा फॉर्म 5, आणि घातक कचऱ्याचा 30 जूनपर्यंत भरायचा फॉर्म 4

सोबत ठेवायची साधनं थोडकी आहेत: पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, पीएच पट्ट्या, 20 लिटरची बादली, फोनमधलं स्टॉपवॉच, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, नमुन्याच्या बाटल्या, बर्फाचा डबा, आणि पावसाळी गटारांचा नकाशा. नकाशा मिळाला नाही तर स्वतः काढा.

## 3. पाण्याचा जमाखर्च मांडा

झेडएलडी कारखान्याचा हिशेब खरं तर सोपा असतो. बाहेरून आलेलं ताजं पाणी चारच वाटांनी जाऊ शकतं: वाफ होऊन, मालात किंवा ओल्या गाळात, संडास-कँटीनच्या सांडपाण्यात आणि बागेला. एमईईचं कंडेन्सेट आतल्या आत फिरतं, त्यामुळे ते या हिशेबात येतच नाही.

आपल्या कारखान्याचं एप्रिलचं पाणीबिल 3,150 घनमीटरचं, म्हणजे दिवसाला 105. बोअर नव्हती. आता खर्चाची बाजू.

सगळ्यात मोठा खर्च कूलिंग टॉवरचा. त्यातून दर तासाला किती पाणी उडतं याचा ठोकताळा असा: फिरणारं पाणी घनमीटरमध्ये, गुणिले टॉवरमध्ये उतरणारं तापमान अंशांत, गुणिले 0.00153. इथे तासाला 200 घनमीटर पाणी फिरत होतं आणि 5 अंशांनी गार होत होतं. गुणाकार केला की तासाला दीड घनमीटर, दिवसाला साधारण 37 येतात. बॉयलरची वाफ प्रक्रियेत वापरून परत न आलेली, ती 12. संडास, कँटीन आणि त्यावर जगणारी बाग मिळून 8. माल आणि ओला गाळ मिळून 4. बेरीज 61.

105 मधून 61 गेले, 44 घनमीटर उरले. त्यांना जायला परवानगीची एकही वाट नाही.

इथे थांबा आणि आपल्या आकड्याविरुद्ध वाद घाला. खानदेशात एप्रिलचा वारा कोरडा असतो, टॉवरमधून जास्त पाणी उडत असेल. ठीक, 20 टक्के वाढवून 37 चे 44 धरा. तरीही 37 घनमीटर उरतातच. अहवालात मी "37 ते 44" असाच पल्ला लिहिला. एकच ठाम आकडा लिहिला की समोरचा त्यातला एक गुणक चुकीचा ठरवतो आणि सगळा हिशेब बाजूला सारतो.

दुसरं उत्तर हमखास येतं: "मॅडम, आपल्याकडचं ऊन बघा, उघड्या टाकीतच वाळून जातं." ऊन खरं आहे, पण त्याचाही हिशेब होतो. त्यांची टाकी 400 चौरस मीटरची. मे महिन्यातलं कडक बाष्पीभवन, रोज 12 मिलिमीटर धरलं तरी दिवसाला 5 घनमीटरही उडत नाहीत, आणि खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा हळू उडतं. शिवाय टाकीत अस्तर आहे का ते काठावरून पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. अस्तर फाटलेल्या टाकीतलं पाणी "वाळत" नाही, ते खाली जातं आणि पुढे कुणाच्या तरी विहिरीत निघतं.

## 4. मीठ तोला

सगळ्या तपासण्यांत मला हीच सर्वात भरवशाची वाटते. सेंद्रिय घाण जिवाणू खातात, पाणी उडून जातं, पण विरघळलेलं मीठ कुठेही नाहीसं होत नाही. ते एमईईतून घन रूपात निघालं पाहिजे, नाहीतर पाण्याबरोबर बाहेर गेलं पाहिजे.

ईटीपीच्या आवकेला बसवलेला मीटर दिवसाला सरासरी 35 घनमीटर दाखवत होता. त्या पाण्याचा टीडीएस 28,000 मिलिग्रॅम प्रति लिटर आला, म्हणजे एका घनमीटरमध्ये 28 किलो मीठ. 35 गुणिले 28 केलं की दिवसाला 980 किलो होतं. महिन्याचं झालं 29.4 टन, आणि हे कोरडं वजन.

मॅनिफेस्टप्रमाणे पाठवलेलं मीठ अधिक गोदामात वाढलेला साठा मिळून एप्रिलमध्ये तयार झालं होतं 8.1 टन, आणि तेही ओलं. ओलावा 15 टक्के धरला तर कोरडं सात टनांच्या आत, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा.

गोदामातला साठा स्वतः मोजा. गोण्या मोजा, चार-पाच गोण्या काट्यावर ठेवा, सरासरी काढा. घातक कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे "मागे बराच पडला आहे" हे उत्तर आलं तर तो दाखवायला सांगा, आणि त्याची तारीखही विचारा. टीडीएस एका नमुन्यावरून धरू नका. उत्पादन बदललं की तो दुप्पट-निमपट होतो. मी तीन दिवस, रोज तीन वेळा नमुने घेऊन मग 28,000 वर आले होते.

## 5. वाफेवरून पडताळा

मिठाने चौथा हिस्सा सांगितला. तेच दुसऱ्या वाटेने येतं का ते बघायचं. एमईईला पाणी आटवायला वाफ लागते. तीन टप्प्यांच्या एमईईत एक टन वाफेवर साधारण अडीच टन पाणी आटतं. म्हणजे 35 टन आटवायला रोज 14 टन वाफ हवी.

बॉयलर पऱ्हाटीच्या ब्रिकेटवर चालत होता. रोज 6 टन जळण, एका किलोला 4 किलो वाफ धरली तर 24 टन वाफ. एमईई दुरुस्तीसाठी बंद होतं त्या दिवसांचं रजिस्टर काढलं, तेव्हा नुसत्या उत्पादनालाच 20 टन वाफ लागत होती. एमईईच्या वाट्याला उरली 4 टन, तेवढ्यात पाणी आटेल 10 टन. पस्तीसपैकी दहा.

मीठ आणि वाफ, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या कारणांसाठी ठेवलेल्या नोंदी, आणि उत्तर जवळपास एकच. आटायला हवं असलेलं रोजचं 25 घनमीटर पाणी आटत नव्हतं. जमाखर्चात 44 सापडत नव्हते. उरलेले 19 पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर धुतल्याचं, कूलिंग टॉवरमधून काढून टाकलेलं आणि फरशी धुण्याचं पाणी असावं, असा अंदाज मी बांधला. ते ईटीपीच्या मीटरपर्यंत येतच नव्हतं, म्हणून लॉगबुकातही नव्हतं.

एक सावधगिरीची गोष्ट. एप्रिलमध्ये उत्पादन दोन दिवस बंद होतं, तरी ईटीपीच्या वहीत त्या दिवशीही 35 लिहिले होते. मी ते खोट्या नोंदीत टाकणार होते. ईटीपी चालवणाऱ्या नानांनी मला हाताला धरून, आलेलं पाणी साठवून एकसारखं करणाऱ्या इक्वलायझेशन टाकीपाशी नेलं. "ताई, ही टाकी दीडशेची. वरून पाणी आलं नाही तरी चार दिवस माझं काम चालतं." त्यांचं बरोबर होतं. ज्या माणसाने रोज प्रामाणिकपणे रीडिंग लिहिलं, त्याच्यावर मी खोटेपणाचा शिक्का मारणार होते. प्रत्येक विसंगतीचं साधं स्पष्टीकरण आधी त्या जागेवरच्या माणसाला विचारा, मगच वहीत लिहा.

## 6. पाइप धरून चाला, एकदा दिवसा आणि एकदा रात्री

आता 44 घनमीटर कुठून जातात ते शोधायचं. आवकेच्या मीटरपासून प्रत्येक पाइप हाताने दाखवत एमईईपर्यंत चाला. नकाशात नसलेला प्रत्येक टी, म्हणजे पाइपला फांदी फोडणारा जोड, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह टिपा. ताजा रंग, नवी माती, फरशीचा वेगळा तुकडा दिसला तर थांबा. टाकीत डोकावू नका, झाकण उघडून आत वाकू तर अजिबात नका. गाळाच्या टाक्यांतला वायू काही क्षणांत माणूस पाडतो. सोबत कायम एक जण असू द्या.

आम्हाला एमईईच्या फीड टाकीआधी एक टी सापडला. त्याची एक शाखा जमिनीखाली जात होती. त्या टाकीला मीटर नव्हता. आवकेचा मीटर खरा, वही खरी, आणि पाणी त्या दोघांच्या पुढे जाऊन वळत होतं, ते इथे.

कुंपणाबाहेरही फिरा. खानदेशात मार्च ते मे हा या कामाचा काळ. पावसाळी गटारं आणि लहान नाले तेव्हा कोरडे ठणठणीत असायला हवेत. पावसात हेच काम केलं तर सगळं मिसळून जातं आणि काहीच सिद्ध होत नाही. नाल्याकाठच्या शेतकरीबाबांनी आम्ही न विचारताच सांगितलं: "उन्हायामा बी नालाले पानी ऱ्हास, पन ढोरे पेत नहीत." असं कानावर आलं की तो पुरावा समजू नका, पण कुठे आणि कधी बघायचं ते त्यातून कळतं.

कारखान्याच्या व्यवस्थापकांना सांगून, त्यांचा माणूस सोबत घेऊन आम्ही रात्री गेलो. चोरून जाऊ नका. अंतर्गत ऑडिटमध्ये तुमचा शब्द टिकतो तो सगळं समोर घडलं म्हणूनच. साधारण अकराला गटाराच्या तोंडाशी पाणी सुरू झालं, पहाटे पाचच्या सुमारास थांबलं. 20 लिटरची बादली 12 सेकंदांत भरत होती. म्हणजे तासाला 6 घनमीटर, सहा तासांत 36. हिशेबातल्या 37 ते 44 च्या खालच्या टोकाला तो अगदी लागून होता.

## 7. नमुना असा घ्या की त्यावर वाद होणार नाही

खिशातला टीडीएस मीटर बहुधा 10,000 च्या पुढे मोजू शकत नाही. पडद्यावर आकडा अडकून बसला तर एक भाग नमुना आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर करा, आलेला आकडा दहाने गुणा. आम्हाला गटारात 16,000 च्या आसपास मिळाला. पावसाच्या किंवा नळाच्या पाण्यात इतकं मीठ नसतं.

तरी निर्णय प्रयोगशाळेच्या आकड्यावरच घ्या, आणि प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची निवडा. बाटल्या वेगवेगळ्या लागतात. सीओडीच्या बाटलीत पीएच 2 च्या खाली जाईपर्यंत सल्फ्युरिक आम्ल. बीओडी आणि टीडीएसच्या बाटलीत आम्ल अजिबात नाही. घाईत सगळ्यांत एकाच ड्रॉपरने आम्ल टाकलं की दोन्ही निकाल वाया जातात. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली. पीएच आणि तापमान जागेवरच. सगळं 4 अंशांवर बर्फात ठेवा. आपल्याकडे दुपारी गाडीच्या डिकीत बर्फ तासाभरात पाणी होतो, म्हणून मी रात्रीचे नमुने पहाटेच रवाना करते आणि डब्यात थर्मामीटर ठेवते. बीओडीचा नमुना 24 तासांच्या आत लागला पाहिजे.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा, एक कारखान्याला द्या. सीलवर दोघांच्या सह्या, वेळ आणि जागा लिहा. आपला हा नमुना कोर्टात चालणारा नव्हे. त्यासाठी 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना लागतो. आपला नमुना मालकाला स्वतःच्या कारखान्यात काय चाललं आहे ते दाखवण्यासाठी आहे. प्रयोगशाळेतून टीडीएस 16,400 आला.

## 8. अहवालात आकडे लिहा, आरोप नको

"चोरून पाणी सोडलं जातं" असं वाक्य मी लिहीत नाही. मी लिहिते: कन्सेंटप्रमाणे बाहेर जाणारं पाणी शून्य; जमाखर्चात न सापडणारं 37 ते 44; रात्री मोजलेलं 36; मीठ अपेक्षेच्या चौथ्या हिश्श्याएवढं; टी अमुक जागी, फोटो सोबत. प्रत्येक आकड्याखाली तो कुठल्या कागदावरून आला आणि कोणता गुणक धरला ते द्या. ईटीपीवर काम करणारे बहुतेक कंत्राटी असतात, त्यांची नावं आणि त्यांनी बोललेलं अहवालात घेऊ नका. नानांची नोकरी माझ्या एका ओळीने गेली असती.

सुधारणाही मोजता येईल अशीच सुचवा. आम्ही चार सांगितल्या: टी कापून तोंड वेल्डिंगने बंद करणं, एमईईच्या फीडला आणि कंडेन्सेटला वेगवेगळे मीटर, सॉफ्टनर आणि कूलिंग टॉवरचं पाणी ईटीपीत आणणं, आणि महिन्याचं मीठ व वाफ यांचा ताळा मालकाच्या सहीने ठेवणं. त्यातली तिसरी महागडी होती, कारण एकूण सांडपाणी 35 अधिक 19 मिळून 54 होणार होतं आणि परवानगी 36 ची. म्हणजे आधी सुधारित कन्सेंट, एमईईची क्षमता आणि बॉयलरचा खर्च. मालक पहिल्या बैठकीत रागावले, दुसऱ्या बैठकीत त्यांनी वाफेचा तक्ता स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि गप्प झाले.

तीन महिन्यांनी पुन्हा जाल तेव्हा आधी वजनकाट्याच्या पावत्या मागा. आम्ही गेलो तेव्हा टी कापलेला होता, ब्रिकेटची खरेदी दिवसाला 6 वरून 8 टनांवर गेली होती आणि महिन्याचं कोरडं मीठ 23 टनांच्या वर आलं होतं. वाढलेल्या 2 टन जळणावर 8 टन वाफ, जुनी 4 मिळवून 12, म्हणजे आटणारं पाणी 30 टन. मिठाचा हिशेब 28 च्या आसपास येत होता. पाच ते सात घनमीटर अजून कुठे तरी जात होते. सॉफ्टनरच्या पाण्याचं काम सुरूच झालं नव्हतं, म्हणून तो मुद्दा आम्ही पूर्ण झाला असं न लिहिता उघडाच ठेवला, पुढची तारीख घालून.